पहिल्या पुस्तकाचा विषय: ‘मोटर का जळाली?’

प्रश्न: बडोद्यात मकरपुऱ्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे, तीसेक वर्षं झाली. आता मुलगा बघतो, मला वेळ मिळतो. घरचे म्हणतात, पुस्तक लिहा. डोक्यात तीन विषय आहेत: रिवाइंडिंगचं संपूर्ण मार्गदर्शन, माझी या धंद्यातली वाटचाल, नाहीतर नुसतं वाइंडिंग डेटाचं पुस्तक. मराठीत लिहायचंय. कोणता विषय घेऊ?

उत्तर:

तिन्हीतला एकही जसाच्या तसा घेऊ नका. टेम्पोतून मोटर उतरवणारं गिऱ्हाईक तुम्हाला साधारण तीन गोष्टी विचारतं. किती होतील, कधी मिळेल, आणि जळाली कशामुळे? पहिल्या दोन तुमच्या धंद्याच्या. तिसरीचं उत्तर तुम्ही ‘अहो, फेज उडाला असेल’ असं दोन शब्दांत देता आणि कामाला लागता. तुमचं पुस्तक त्या तिसऱ्या प्रश्नात आहे: थ्री फेज मोटर का जळते, आणि जळालेलं वाइंडिंग बघून ते कसं ओळखायचं.

मी आधी कारखान्यात मेंटेनन्सला होतो, नंतर हाताने काम करणाऱ्या लोकांची पुस्तकं मार्गी लावण्यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे तुमच्या विषयाच्या दोन्ही बाजू मला थोड्याफार ठाऊक आहेत.

आधी तुमचे तीन विषय का बाजूला ठेवायचे ते सांगतो. ‘संपूर्ण मार्गदर्शन’ म्हटलं की लॅप वाइंडिंग, कॉन्सेंट्रिक वाइंडिंग, पोल आणि पिचचा हिशोब, जोडणीच्या आकृत्या, हे सगळं आलं. ते आयटीआयच्या आणि डिप्लोमाच्या पुस्तकांत आहे, आणि तिथे ते तुमच्यापेक्षा नीट मांडलेलं असणार, कारण ते गणित आहे. पुस्तकाची निम्मी पानं तुम्ही दुसऱ्याचं उतरवण्यात घालवाल आणि तुमचं स्वतःचं जे आहे ते अधूनमधून ‘टीप’ म्हणून येईल. डेटाच्या पुस्तकाचं म्हणाल तर प्रत्येक वर्कशॉपवाल्याची स्वतःची वही असते आणि त्याचा विश्वास त्याच वहीवर असतो. शिवाय एका आकड्याची छपाईची चूक म्हणजे कोणाची तरी एक मोटर. वाटचाल तूर्त राहू द्या. तुम्हाला ओळखणारे ती आवडीने वाचतील, पण ओळख नसलेल्या माणसाने ती का उचलावी याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही. जळालेल्या मोटरींच्या ओघात ती दहावीस पानं आपोआप येईल, आणि तिथे शोभेल.

आता ‘का जळाली’ हा विषय तुमचाच का? मोटर चालवणाऱ्याला आतलं वाइंडिंग कधी दिसत नाही. मोटर बनवणाऱ्याला नवं वाइंडिंग दिसतं, जळालेलं क्वचित. जळालेला स्टेटर रोज उघडणारा माणूस रिवाइंडिंगवालाच. आणि तो पुरावा टिकत नाही. कॉइल छाटल्या, तार ओढून काढली, तांब्याचं भंगार वजनावर गेलं की संपलं. तुमच्या डोक्यात जे साठलंय ते दुसरीकडे कुठे नोंदलेलं नसण्याची शक्यता फार मोठी आहे. विषय निवडताना मी हीच गोष्ट सगळ्यात आधी बघतो: या माणसाच्या नजरेला असं काय रोज पडतं, जे वाचणाऱ्याच्या नजरेला पडूच शकत नाही?

विषय पुस्तकाइतका मोठा आहे का, हे एका उदाहरणावर तपासून बघू.

आमच्या कारखान्यात एका ब्लोअरची दहा एचपीची मोटर होती, स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालणारी. जळाली, रिवाइंड होऊन आली, काही दिवसांत पुन्हा जळाली. फ्यूज तिन्ही शाबूत. येणाऱ्या लाइनला तिन्ही फेज मीटरवर बरोबर. मग काय, सगळ्यांनी रिवाइंडिंगवाल्याला धरलं, तार हलकी वापरली म्हणून. त्या बिचाऱ्याने स्टेटर तसाच आणून आमच्यापुढे ठेवला. दोन ग्रुप काळे ठिक्कर, एक ग्रुप लालसर, नव्यासारखा. पुन्हा दोन काळे, एक लाल. चार पोलची मोटर, त्यामुळे ही रांग गोलात चार वेळा.

आता पुस्तकातला नियम काय सांगतो? मोटरकडे येणाऱ्या लाइनचा एक फेज गेला, तर स्टारमधल्या मोटरचे दोन फेज जळतात आणि एक वाचतो, कारण उरलेला करंट दोन वाइंडिंगमधूनच एकामागोमाग जातो. डेल्टामध्ये उलटं. एका वाइंडिंगवर थेट दोन लाइनींचा दाब असतो, बाकीची दोन एकमेकांना जोडून त्याला समांतर पडतात, म्हणून एकातून दुप्पट करंट जातो आणि तो एकच जळतो. आमची मोटर चालताना डेल्टात. म्हणजे एक काळा आणि दोन लाल दिसायला हवे होते. दिसत होतं ते बरोबर उलट.

दोष निघाला डेल्टा कॉन्टॅक्टरमध्ये. सप्लाय बंद करून, कॉन्टॅक्टर हाताने दाबून, एकेका पोलची कंटिन्युइटी बघितली, तेव्हा एक पोल लागतच नव्हता. त्याचं टोक झिजून जळून गेलं होतं. त्यामुळे मोटर स्टारमध्ये नीट उचलायची, डेल्टाला गेली की एक वाइंडिंग पूर्ण सुटं पडायचं आणि उरलेली दोन सगळा भार ओढायची. ओव्हरलोड रिले कोणीतरी ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून वर करून ठेवला होता. दोन काळे, एक लाल. लाइन तपासली तरी काही सापडत नाही, कारण दोष लाइनीत नाहीच.

आणखी एका ठिकाणी चित्र असं उलटतं. ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार असेल आणि त्याच्या एचटी बाजूचा एक डीओ उडाला, तर खाली एका लाइनीत बाकीच्या दोघींच्या दुप्पट करंट जातो. मग स्टारमधल्या मोटरचा एक फेज जास्त जळतो आणि डेल्टातल्या मोटरचे दोन. म्हणजे ‘स्टारचे दोन, डेल्टाचा एक’ हे पाठ केलेला माणूस अशा वेळी हमखास चुकीच्या जागी शोधत बसतो.

एवढ्या एका गोष्टीत एक प्रकरण झालं. स्टेटर कसा दिसला, त्यावरून काय वाटलं, ते का जुळलं नाही, दोष कुठे निघाला, तो तपासायचा कसा. फोटो तीन आणि साधी आकृती एक. अशी आठ-दहा प्रकरणं तुमच्याकडे असतील, तर विषय पुस्तकाला पुरतो. मला तरी ती दिसताहेत: एकाच कॉइलचे चार वेढे वितळून गोळा झालेत आणि बाकी वाइंडिंग चकचकीत, म्हणजे वेढ्यावेढ्यात शॉर्ट. स्लॉटच्या तोंडाशी लेदरॉइड फाटून बॉडीला लागलेलं. बेअरिंग बसल्यामुळे रोटर घासून स्टॅम्पिंगवर एका बाजूला चमकता पट्टा. रोटर जाम होऊन सगळं एकदम काळं. यातलं प्रत्येक तुम्ही हाताळलंय, मी फक्त यादी केली.

पण माझ्या यादीवर जाऊ नका, तुमच्या रजिस्टरवर जा. मागच्या एका वर्षाचं जॉब रजिस्टर काढा आणि थ्री फेजच्या प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलीने कारण लिहा. आठवत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. तुमच्या रजिस्टरात स्लॉट, वेढे, गेज, पिच, जोडणी, वार्निश, सगळं असणार, आणि ‘का जळाली’ हा रकाना नसणार, कारण त्याचे पैसे कोणी देत नाही. प्रश्नचिन्हं निम्म्याहून जास्त झाली तरी घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की लिहायला बसायच्या आधी तीन-चार महिने नोंदी करायच्या. मुलाला सांगा, कॉइल छाटण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे, जोडणीच्या बाजूचा आणि उलट्या बाजूचा. नेमप्लेटचा एक. आणि गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारायच्या: स्टार्टर कोणता, जळाली तेव्हा काय चाललं होतं, आधी कधी जळाली होती का. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पुन्हा जळालेली मोटर म्हणजे पहिल्या वेळी कारण सापडलं नव्हतं, आणि तुमचं पुस्तक अशाच मोटरींचं आहे.

हा रकाना भरताना विषयाची कच्ची बाजूही दिसेल. तिन्ही फेज सारखे काळे पडलेत. का? भार जास्त होता, की व्होल्टेज कमी होतं, की पंख्याच्या जाळीत कचरा भरून हवाच जात नव्हती, की मागच्या रिवाइंडिंगला वेढे कमी पडले होते? स्टेटर चारही वेळा जवळजवळ सारखाच दिसतो. भार तोच राहून व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, म्हणून शेवट तोच होतो. इथे वाइंडिंग बघून उत्तर मिळत नाही, जागेवर जाऊन अँपिअर मोजावे लागतात, नेमप्लेटशी ताडावे लागतात, शेजारच्या मोटरीही तापतात का ते विचारावं लागतं. माझा आग्रह असा की तुम्ही हेच प्रकरण सर्वांत आधी लिहा. सोपं प्रकरण आधी लिहिलं की उत्साह येतो हे खरं, पण विषय उभा राहतो की नाही ते अवघड प्रकरणातच कळतं. ‘तिन्ही काळे’ या प्रकरणात तुम्ही चार कारणं वेगळी करून दाखवू शकलात, तर पुढे काही अडणार नाही. नाही जमलं, तर विषय आखूड करा: फक्त एक किंवा दोन फेज जळालेल्या मोटरी. ते पुस्तक लहान होईल, पण खोटं होणार नाही.

याच प्रकरणात एक नाजूक जागा आहे. जुनं वाइंडिंग सुटावं म्हणून स्टेटर गॅसच्या बत्तीने लालभडक होईस्तोवर तापवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याने स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, कोर स्वतःच तापायला लागतो, आणि नवं वाइंडिंग कितीही चांगलं भरलं तरी मोटर गरम चालते. म्हणून कोर साधारण ३६०-३७० अंशांच्या वर जाऊ न देता भट्टीत जाळावं असं सांगतात. ‘का जळाली’ या पुस्तकात ‘रिवाइंडिंगमुळे’ हे एक उत्तर यावंच लागेल. गावातल्या धंदेवाल्यांना ते आवडणार नाही. हे प्रकरण लिहायची तयारी नसेल, तर आत्ताच विषय बदललेला बरा. ते गाळून लिहिलंत तर जाणता वाचक पहिलं तेच शोधेल.

आता वाचक कोण, यावर थोडं थांबतो, कारण बडोद्याला हा प्रश्न वेगळा पडतो. तुमच्या वर्कशॉपची भाषा गुजराती आणि हिंदी. पादऱ्याहून, वाघोडियाहून येणारं गिऱ्हाईक मराठी वाचणार नाही. मराठीत लिहिलंत तर तुमचा वाचक दांडिया बाजारात थोडा आणि नाशिक, जळगाव, कोल्हापूर, इचलकरंजीकडे जास्त. तिकडे मोटर म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शेतातला पंप येतो, त्यातही बोअरमधला सबमर्सिबल. तो मोह टाळा. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलची तारच वेगळी, त्यावर एनॅमलऐवजी प्लास्टिकचं आवरण असतं, आणि ती खराब होते तीही वेगळ्या तऱ्हेने. तुमच्या मकरपुऱ्याच्या अनुभवात ब्लोअर, कंप्रेसर, कन्व्हेयर, मिक्सर जास्त. म्हणून वाचक ठरवा तो लहान कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. शेतकरी नको आणि दुसरा रिवाइंडिंगवालाही नको. स्टार्टर या इलेक्ट्रिशियनच्या हातात असतो आणि स्टेटर तुमच्या. वर सांगितलेल्या ब्लोअरच्या गोष्टीत अर्धं उत्तर वर्कशॉपमध्ये होतं आणि अर्धं पॅनेलमध्ये, दोन्ही अर्धी एकत्र आली तेव्हाच मोटर वाचली. पुस्तक वाचून त्या माणसाने एक गोष्ट करावी: मोटर रिवाइंडिंगला देताना ‘स्टेटर मला दाखवल्याशिवाय छाटू नका’ असं सांगावं, आणि तो बघून आपल्या पॅनेलमध्ये नेमकं कुठे बघायचं ते ठरवावं.

वाचक असा पक्का झाला की काय गाळायचं ते झटपट ठरतं. सिंगल फेज मोटर नाही, सबमर्सिबल नाही, एचटी मोटर नाही, वेढ्यांचा हिशोब नाही. ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरी तुमच्याकडे आल्या असतील तर एक प्रकरण, नसतील तर एक परिच्छेद. गाळलेलं काय ते पहिल्याच पानावर सांगून टाका.

अशी मर्यादा घातल्यावर माझ्या अंदाजाने दहा-बारा प्रकरणं होतील, प्रत्येकी साधारण तीन हजार शब्दांची. म्हणजे तीस-पस्तीस हजार शब्द, फोटो धरून दीडशेच्या आसपास पानं. पहिल्या पुस्तकाला एवढं पुष्कळ झालं.

पुस्तकी माहिती किती घ्यायची? गरजेपुरती. उदाहरणार्थ, तीन फेजमधलं व्होल्टेज साडेतीन टक्क्यांनी असमान झालं तर मोटरची तापमानवाढ सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त होते, आणि तापमान दर दहा अंशांनी चढलं की इन्सुलेशनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, हे ठोकताळे या क्षेत्रात सर्वमान्य आहेत. ते द्या, कारण एकच फेज थोडा जास्त काळवंडलेला का दिसतो ते त्यावरून समजतं. पण प्रत्येक असा आकडा तुमच्या एखाद्या मोटरीला टेकलेला असू द्या. ज्याच्यासमोर तुमची मोटर उभी करता येत नाही तो आकडा सोडून द्या.

आधी असं पुस्तक आहे का, हे बघायला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत एक सकाळ घालवा, तिथे मराठी विभाग आहे. विद्युतविषयक पुस्तकांची अनुक्रमणिका चाळा आणि ‘दोष व कारणे’ या प्रकरणाला किती पानं दिलीत ते बघा. बहुधा एक तक्ता असतो: डावीकडे दोष, उजवीकडे कारणं. तो तक्ता उतरवून आणा. त्यातल्या प्रत्येक ओळीवर तुम्हाला किती बोलता येतं, हे तुमच्या आणि त्या पुस्तकातलं अंतर. (बडोद्यात कारागिरीचं शिक्षण देणारं कलाभवन १८९० मध्ये निघालं. आज तेच सयाजीराव विद्यापीठाचं इंजिनिअरिंग. त्यामुळे ‘आपल्यासारख्याने काय पुस्तक लिहायचं’ हा संकोच निदान या गावात तरी बाळगू नका.)

गिऱ्हाइकांची नावं अर्थातच नकोत. पण मकरपुऱ्यात नुसतं ‘साबणाचा कारखाना’ म्हटलं तरी लोक ओळखतील, म्हणून मोटरीचा एचपी, पोल, स्टार्टर आणि काम एवढंच ठेवा, मालाचं नाव गाळा. नेमप्लेटच्या फोटोवरचा सिरियल नंबर झाका. एखाद्याची चूक दाखवणारी गोष्ट असेल तर त्याला आधी सांगा. बहुतेक लोक हो म्हणतात, आणि वर आपल्याकडची दुसरी गोष्ट सांगतात.

‘तिन्ही काळे’ हे प्रकरण लिहून झालं की ते साहित्यप्रेमी मित्राला दाखवू नका. तो शुद्धलेखन तपासेल आणि छान म्हणेल. तुमच्याकडे मोटरी पाठवणाऱ्या एखाद्या कारखान्यातला मराठी वाचणारा इलेक्ट्रिशियन गाठा. त्याला ते प्रकरण द्या, आणि सोबत चार मोटरींचे फोटो आणि प्रत्येकीचे लाइनवरचे अँपिअर, नेमप्लेट, स्टार्टरची माहिती एका कागदावर. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो कुठल्या ओळीवर परत मागे जातो, कुठे तुम्हाला विचारायला तोंड उघडतो, ते टिपून ठेवा. चारपैकी तीन मोटरींचं कारण त्याने तुमच्या मदतीशिवाय सांगितलं, तर त्याच आठवड्यात पुढच्या प्रकरणाला हात घाला. दोनच आली, तर त्याने जिथे तोंड उघडलं होतं ती जागा पुन्हा लिहा, आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. पहिल्याला आता उत्तरं माहीत झालेली असतात.